विश्लेषण : सहा महिने रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याचे अप्रेझल कसे करायचे?

धायरी फाट्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या रांगेत मार्च-एप्रिलमध्ये एकच विषय असतो, तो म्हणजे रेटिंग. सिंहगड रस्त्याच्या या टोकाला राहायचे आणि हिंजवडी, बाणेर किंवा खराडीला कामाला जायचे, असे करणारी तरुण कुटुंबे इथे हजारोंनी आहेत. पाळणाघरात मूल सोडून बस पकडणाऱ्या अनेकींसाठी हे अप्रेझल प्रसूती रजेनंतरचे पहिलेच असते. रजा मिळाली, पगार मिळाला, नोकरीही टिकली. प्रश्न त्यानंतरचा आहे. वर्षातले सहा महिने कार्यालयात नसलेल्या माणसाच्या कामाला गुण द्यायचे कसे? उत्तर वरवर सोपे आहे : हजर असतानाचे काम मोजायचे. प्रत्यक्षात मात्र रजा गुणांमध्ये कमीत कमी तीन वाटांनी शिरते आणि त्यातली एकच वाट कागदावर दिसते.

कायदा काय सांगतो?

प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. या कायद्याच्या कलम १२ नुसार रजेवर असलेल्या महिलेला कामावरून काढता येत नाही आणि तिच्या सेवाशर्ती तिला तोट्याच्या ठरतील अशा बदलताही येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. पण संरक्षणाचा गाभा तोच आहे.

यात ‘मूल्यांकन’ हा शब्द नाही. रेटिंग ही सेवाशर्त आहे की व्यवस्थापनाचा निर्णय, यावर वाद घालायला जागा उरते आणि बहुतेक कंपन्या त्याच जागेत वावरतात. तरीही कायद्याचा कल कुठे आहे, ते शेजारच्या एका तरतुदीवरून कळते. १९६५ च्या बोनस कायद्यात वर्षातले कामाचे दिवस मोजताना पगारी प्रसूती रजेचे दिवस ‘काम केलेले’ धरायचे, असे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले होते. पगारी रजा आणि कामावर झालेल्या अपघातामुळे आलेली गैरहजेरी यांनाही तोच न्याय होता. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजतानाही आजारपण आणि प्रसूती रजेमुळे सेवा तुटत नाही. म्हणजे जिथे कायद्याने मोजमापाला हात घातला, तिथे ही रजा कर्मचाऱ्याच्या विरोधात मोजू दिलेली नाही. रेटिंगबाबत तो गप्प आहे, याचा अर्थ तिथे उलटे करायला मोकळीक आहे असा काढणे ओढूनताणून ठरेल.

गणित नेमके कुठे चुकते?

एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. धायरीत राहणारी एक सपोर्ट इंजिनीअर आहे. मूल्यांकनाचे वर्ष एप्रिल ते मार्च. ग्राहकांच्या तक्रारींची, म्हणजे ‘तिकिटां’ची, वर्षाला २४० तिकिटे निकाली काढायची हे तिचे टार्गेट. महिन्याला वीस. ती १ ऑगस्टपासून १८२ दिवसांच्या, म्हणजे २६ आठवड्यांच्या रजेवर गेली आणि ३० जानेवारीला परतली. हजेरीचे दिवस भरतात १८३. एप्रिल ते जुलै तिने ८८ तिकिटे निकाली काढली, फेब्रुवारीत ८ आणि मार्चमध्ये २०. एकूण ११६.

पहिली पद्धत सरळसोट आहे. २४० पैकी ११६, म्हणजे ४८ टक्के. शेरा : ‘सुधारणा आवश्यक’. आज मोठ्या कंपन्यांत इतके उघड सहसा होत नाही, पण जिथे टार्गेट सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलमध्ये भरले जाते आणि नंतर कुणी उघडून बघत नाही तिथे होते. रजेची नोंद एका प्रणालीत असते, टार्गेट दुसऱ्या प्रणालीत आणि दोन्ही एकमेकींशी बोलत नाहीत.

दुसरी पद्धत टार्गेट हजेरीच्या प्रमाणात कमी करते. ३६५ पैकी १८३ दिवस म्हणजे टार्गेट १२० तिकिटांचे. ११६ भागिले १२०, जवळपास ९७ टक्के. शेरा : ‘अपेक्षेप्रमाणे’. बहुतेक एचआर विभाग इथे थांबतात आणि आपण न्याय केला असे समजतात.

पण आकडे महिन्यांप्रमाणे मांडले तर चित्र वेगळे दिसते. रजेपूर्वीच्या चार महिन्यांत ती महिन्याला २२ तिकिटे काढत होती, टार्गेटच्या ११० टक्के. मार्चमध्ये ती पुन्हा पूर्ण वेगात आहे. मधला फेब्रुवारी तेवढा पडला. का पडला? सहा महिन्यांत तिचे लॉगिन बंद झाले होते, ते सुरू व्हायला दिवस गेले. उत्पादनाची आवृत्ती बदलली होती. तिचे जुने ग्राहक दुसऱ्याकडे गेले होते आणि नवे मिळायला दोन आठवडे लागले. हाच माणूस बाहेरून नवा भरती झाला असता तर कंपनीने त्याला शिकण्याचा काळ दिला असता. तिला तो मिळाला नाही, कारण ती ‘जुनी’ आहे. फेब्रुवारी हा पुन्हा रुळायचा महिना म्हणून बाजूला ठेवला, तर उरलेल्या पाच महिन्यांचे टार्गेट १०० आणि काम १०८ होते. आता शेरा ‘अपेक्षेपेक्षा सरस’ होऊ शकतो. काम तेच, व्यक्ती तीच आणि तीन पद्धतींनी तीन वेगळे शेरे. म्हणूनच हजेरीच्या प्रमाणात टार्गेट कमी करणे ही न्यायाची पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

रुळायचा काळ किती धरायचा, याचा सर्वांना लागू होणारा आकडा नाही. सपोर्टच्या कामात महिना पुरेल. विक्रीच्या कामात, जिथे ग्राहकाशी बोलणे सुरू झाल्यापासून ऑर्डर येईपर्यंत तिमाही जाते, तिथे पूर्ण तिमाही लागेल. त्यातही एक पथ्य आहे : हा काळ व्यक्ती परतल्याच्या आठवड्यात ठरवून लिहून ठेवावा. मार्चअखेर आकडे बघून ठरवला तर ती सवलत होते आणि सवलतीवर उद्या बोट ठेवता येते.

रेटिंग योग्य आले, तरी पैसे कमी का मिळतात?

इथे दुसरी वाट सुरू होते. समजा तिचा व्हेरिएबल पे वर्षाला ६० हजार रुपये आहे. कंपनीच्या धोरणात तो हजेरीच्या दिवसांप्रमाणे मिळतो, म्हणजे साधारण ३० हजार. असे धोरण अनेक ठिकाणी असते. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, पण निदान नियम उघड असतो. मात्र त्याच रजेमुळे रेटिंगही घसरले आणि ‘सुधारणा आवश्यक’ला व्हेरिएबल पे निम्मा असेल, तर हातात पंधरा हजारच पडतात. एकाच गैरहजेरीची वजाबाकी दोनदा झाली. ही दुहेरी कपात पगारपत्रकात कुठेच तशी लिहिलेली नसते. ती ओळखायची तर ‘माझ्या रेटिंगचा गुणक किती आणि दिवसांचा गुणक किती’ हे दोन आकडे वेगवेगळे मागावे लागतात.

इन्क्रिमेंटचे नुकसान याहून लांब पल्ल्याचे असते. आठ लाखांच्या पगारावर आठऐवजी चार टक्के वाढ मिळाली तर पहिल्या वर्षी ३२ हजारांचा फरक पडतो. पुढची प्रत्येक वाढ त्या कमी पायावर मोजली जाते. रजा एका वर्षाची, तूट नोकरी बदलेपर्यंतची आणि नवी कंपनीही मागचाच पगार विचारते.

‘बेल कर्व्ह’मध्ये नेमके कोण खाली जाते?

तिसरी वाट सगळ्यात न दिसणारी. अनेक कंपन्यांत मॅनेजरने दिलेले गुण अंतिम नसतात. सगळे मॅनेजर एका बैठकीत बसतात आणि प्रत्येक श्रेणीत किती जण बसवायचे हे आधीच ठरलेले असते. वीस जणांच्या गटात खालच्या श्रेणीसाठी दोन नावे हवीत, तर ती द्यावीच लागतात, गटातले वीसही जण चांगले असले तरी. मग प्रत्येक मॅनेजर आपल्या माणसासाठी भांडतो. भांडण्यासाठी ताजी उदाहरणे लागतात : गेल्या महिन्यातली रिलीज, रात्री दोनला सोडवलेली अडचण. सहा महिने नसलेल्या माणसाची उदाहरणे मागच्या जुलैतली असतात. शिवाय ‘तिला यंदा प्रमोशन तसेही नको असेल’ हे वाक्य कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणतोच. कुणाचा हेतू वाईट नसतो, पण खालची जागा भरलेली असते.

याच काळात मॅनेजर बदलला असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. नव्याने फक्त तिचे दोन महिने पाहिलेले असतात आणि त्यातला एक रुळण्याचा.

ही अडचण सरकारी कार्यालयांनी जुन्या, रुक्ष नियमांनी बऱ्यापैकी सोडवली आहे आणि खासगी कंपन्यांनी तिथे डोकावायला हरकत नाही. केंद्र सरकारच्या गोपनीय अहवालांच्या पद्धतीत अधिकाऱ्याचे काम किमान तीन महिने पाहिल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही. पंधरा दिवसांपेक्षा जास्त अर्जित रजा घेतलेली असेल तर ती या तीन महिन्यांतून वजा करता येते. वरिष्ठ बदलला तर ज्याने तीन महिने काम पाहिले त्याने आपल्या काळाचा अहवाल लिहायचा. कोणाचेच तीन महिने भरत नसतील तर तेवढ्या काळाचा अहवालच नसतो आणि तसे प्रमाणपत्र फाइलला लागते. मग पदोन्नती समिती काय करते? ती त्याआधीच्या वर्षाचा अहवाल पाहते. कोरी जागा म्हणजे शून्य गुण, असे तिथे धरले जात नाही.

तीन महिन्यांची अट म्हणून रेटिंगच न देणे चालेल का?

नियम तीन महिन्यांचा आहे की सहा, यावर बरेच अवलंबून आहे. या प्रश्नावरचा सगळ्यात नेमका निकाल फ्रान्समधल्या एका प्रकरणात लागला. एवलिन थिबो या तिथल्या राष्ट्रीय वृद्धत्व विमा निधीत काम करत होत्या. वर्षात किमान सहा महिने हजर असलेल्यांचेच मूल्यांकन होईल, असा संस्थेचा नियम होता आणि त्या मूल्यांकनावर गुणवत्तावाढ ठरे. १९८३ मध्ये थोडी आजारपणाची रजा आणि त्यानंतर प्रसूती रजा, यामुळे त्यांची हजेरी १५५ दिवसच भरली. मूल्यांकन झाले नाही, वाढीची संधीही गेली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले आणि ३० एप्रिल १९९८ ला निकाल लागला : प्रसूती रजेमुळे वार्षिक मूल्यांकनाचा आणि त्यातून येणाऱ्या बढतीच्या संधीचा हक्क हिरावणे हा लिंगभेद आहे. नियम सर्वांना सारखा होता, हा बचाव टिकला नाही.

भारतात हा निकाल बंधनकारक नाही. पण वरवर सारखा नियमही भेदभाव करू शकतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा प्रकरणात २५ मार्च २०२१ ला मान्य केले. पुरुष अधिकाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कायम नियुक्तीच्या वेळी, म्हणजे तरुण वयात झाली होती. महिलांना ती संधी उशिरा मिळाली आणि तेच निकष त्यांच्या वाढलेल्या वयाला लावले गेले. दोघांना एकाच टप्प्यावर मोजा, असे न्यायालयाने बजावले. त्यांचे वार्षिक गोपनीय अहवालही निष्काळजीपणे लिहिले गेल्याचे त्याच निकालात नोंदवले आहे.

मग सरसकट चांगले गुण देऊन टाकावेत का?

वाद टाळायला काही मॅनेजर हेच करतात. त्याचा परिणाम काय होतो, ते ब्रिटनमधल्या एका लॉ फर्मच्या प्रकरणात दिसले. एव्हर्शेड्सच्या लीड्स कार्यालयात दोघांपैकी एकाला काढायचे होते : जॉन डे बेलिन आणि प्रसूती रजेवरची एक सहकारी. एक निकष होता काम केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचा काळ. सहकारी रजेवर असल्याने तिचा आकडा नव्हता, म्हणून फर्मने तिला या निकषात कमाल गुण दिले. डे बेलिन यांना खरे मोजलेले कमी गुण मिळाले. अंतिम बेरीज २७.५ विरुद्ध २७ झाली आणि त्यांची नोकरी गेली. २०११ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा पुरुषावरचा लिंगभेद ठरवला. योग्य रस्ता साधा होता : ती शेवटची कामावर होती त्या तारखेपर्यंतचे दोघांचे आकडे घ्यायचे.

धडा हाच की, गैरहजेरीची जागा कल्पनेने भरू नये, वर नाही आणि खालीही नाही. रजेवरच्या व्यक्तीचे काम ज्या सहकाऱ्यांनी ओढले त्यांना त्याचे श्रेय हवेच, पण ते त्यांच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये, जादा कामाची स्वतंत्र नोंद करून. रजेवरच्या व्यक्तीला खाली ढकलून त्यांना वर नेणे हा हिशेब मॅनेजरला सोयीचा असतो, एवढेच.

आजारपणाच्या रजेत काय वेगळे?

प्रसूती रजेची तारीख साधारण माहीत असते, आजारपणाची नसते. रजेवर जाण्यापूर्वी मूल्यांकनाची बैठक उरकून घेणे हा सगळ्यात प्रभावी उपाय इथे अनेकदा शक्य नसतो. त्याऐवजी तिमाहीला दोन ओळींची नोंद करण्याची सवय असेल तर तीच उपयोगी पडते.

मोठी गुंतागुंत असते ती अर्धवट हजेरीची. केमोथेरपी बऱ्याचदा तीन आठवड्यांच्या चक्रात चालते. सहा चक्रे म्हणजे अठरा आठवडे. कर्मचारी प्रत्येक चक्रात एक आठवडा रजा घेतो आणि दोन आठवडे कामावर येतो. रजेच्या नोंदीत सहाच आठवडे दिसतात. पण उरलेल्या बारा आठवड्यांत त्याची ताकद पूर्वीइतकी नसते. इथे दिवसांचे गणित त्याच्यावर उलटते, कारण नोंदीनुसार तो ‘हजर’ असतो. अशा वेळी दिवस मोजणे सोडून त्या काळापुरती कामेच कमी ठरवून घ्यावी लागतात. तेही सुरुवातीला, लेखी आणि आजाराचे नाव न लिहिता. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘उपचारांमुळे उत्पादकता कमी’ असे वाक्य राहिले तर ते पुढची सगळी वर्षे वाचले जाते. तिथे ‘अमुक ते अमुक तारखांना मान्य केलेली कमी उद्दिष्टे पूर्ण’ एवढेच पुरते.

कायद्याचे छत्रही इथे विरळ आहे. नऱ्हे-धायरी भागातल्या लहान वर्कशॉपमध्ये, जिथे पगार २१ हजारांच्या आत आहे, तिथल्या कामगाराला ईएसआयचा आजारपण लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. लाभ सुरू असताना त्याला काढणे, खालच्या जागी नेणे किंवा अन्य शिक्षा करणे १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने निषिद्ध ठरवले. पण वर्कशॉपमध्ये अप्रेझलचा फॉर्मच नसतो. पगारवाढ मालकाच्या आठवणीवर ठरते आणि हजेरी बोनस गेला की शिक्षा झालेलीच असते. २१ हजारांच्या वर पगार असलेला आयटी कर्मचारी तर कंपनीच्या धोरणावरच विसंबून असतो. धायरीतल्या कुटुंबांत असे कमावणारे बरेच आहेत. त्यांनी नोकरीच्या पत्रासोबत आलेल्या धोरणाच्या पीडीएफमध्ये ‘मूल्यांकनास पात्र होण्यासाठी किमान हजेरी’ ही ओळ शोधून ठेवलेली बरी.

रजेची शिक्षा झाली, हे ओळखायचे कसे?

फॉर्ममधले शब्द पाहावेत. ‘यंदा मर्यादित योगदान’, ‘उपलब्धतेत सातत्य नाही’, ‘पुढील वर्षी अधिक सहभाग अपेक्षित’ ही वाक्ये कामाबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त गैरहजेरीबद्दल सांगतात. कामाचा दोष असेल तर त्याला तारीख आणि उदाहरण असते. रजेपूर्वीचे काम खरोखर कमी पडले असेल तर तसे लिहिण्यात मॅनेजरचे काहीच चुकत नाही. मात्र ती तक्रार रजेपूर्वीच्या ईमेलमध्ये कुठेतरी दिसायला हवी. रजेनंतर पहिल्यांदाच आठवलेल्या जुन्या दोषावर विश्वास ठेवणे कठीण असते.

एचआरसाठी तपासणी सोपी आहे. गेल्या तीन वर्षांत लांब रजेवरून परतलेल्या प्रत्येकाचे रजेआधीचे आणि नंतरचे रेटिंग शेजारीशेजारी मांडायचे. लहान कंपनीत अशी पाच-सहाच नावे निघतील, टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. पण सहापैकी पाच जण एक पायरी खाली आले असतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर गेले असतील, तर पाचही जणांचे काम त्याच एका वर्षी नेमके बिघडले, हे पटवून द्यायची जबाबदारी कंपनीची आहे.

कर्मचाऱ्याने आधी फॉर्मवरच्या अभिप्रायाच्या रकान्यात हजेरीचे दिवस, त्या दिवसांचे टार्गेट आणि झालेले काम हे तीन आकडे लिहावेत आणि मुदतीत लिहावेत, कारण ऑनलाइन प्रणाली ठरल्या दिवशी बंद होते. ‘मान्य’वर क्लिक करण्यापूर्वी दोन गुणकांची विचारणा ईमेलने करावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बढती आणि वेतनाबाबत महिला कर्मचाऱ्यांशी भेदभाव करण्यास मनाई आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू आहे. प्रसूती रजेशी जोडलेली तक्रार कामगार विभागाच्या पुण्यातील कार्यालयात नेता येते आणि तिथे पहिला प्रश्न कागदाचाच येतो : रजा मंजुरीचे पत्र, रजेपूर्वीचे शेवटचे मूल्यांकन, नंतरचे मूल्यांकन. रजेवर जाण्याच्या आठवड्यात हे आधीचे दोन कागद स्वतःच्या ईमेलवर आहेत का, ते पाहून घ्यावे. कंपनीचे लॉगिन रजेत बंद होते.